दीपमाळेचा हात

दीपमाळेच्या अंगातून बाहेर आलेला दगडी हात दोन कामांचा असतो. त्याच्यावर दिवा ठेवायचा आणि त्याच्यावरच पाय देऊन वर चढायचं. त्रिपूर पाजळताना जी काही काळजी घ्यावी लागते, ती सगळी या दुहेरी कामातून आली आहे.

हातांची ही घडण मराठेशाहीत महाराष्ट्रभर पसरली. नवस फेडायचा तर खंडोबाला दीपमाळ बांधायची, अशी चाल पडली आणि जेजुरीचा गड दीपमाळांनी भरून गेला. मराठे जिथे गेले तिथे हा खांबही गेला. उज्जैनच्या हरसिद्धीपुढे आजही अशा दोन उंच दीपमाळा आहेत. काशीच्या पंचगंगा घाटावर हजार दिव्यांचा दगडी ‘हजारा’ आहे आणि त्याचं श्रेय अहिल्याबाई होळकरांना दिलं जातं. गोव्यात मात्र दीपमाळेचं रूप पालटलं. मंगेशीचा दीपस्तंभ चुन्याचा, पांढरा, सात मजल्यांचा. तिथे दिव्याला कोनाडा मिळाला, हात गेला. वारा अडला खरा, पण काजळी कोनाड्यातच साचू लागली.

तेलाची परंपरा खांबाहून जुनी आहे. चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या तेराव्या शतकाच्या आरंभीच्या शिलालेखात, दर घाण्यामागे पळीभर तेल मठाला द्यावं अशी तरतूद आहे. पुढे दिवाबत्तीसाठी इनाम जमिनी आल्या. आता तेल वर्गणीतून येतं आणि स्वस्त मिळेल ते आणलं जातं.

आठ हातांचे नऊ थर, म्हणजे ७२ दिव्यांची दीपमाळ धरू. आदल्या दिवशी आधी पोळं आणि गांधीलमाश्यांचं घर पाहायचं. धूर लागला की माश्या उठतात आणि चढलेल्या माणसाला पळायला जागा नसते. मग प्रत्येक हातावर लाकडी हातोडीने हलकं ठोकायचं. धड दगड खणखणीत वाजतो, आतून तडकलेला भद्द वाजतो. भद्द वाजला त्या हातावर पाय नाही आणि दिवाही नाही. गेल्या वर्षीचं तेल वाळून चिकट साल धरतं. ती लाकडी पट्टीने खरवडायची, रिठ्याच्या कोमट पाण्याने धुवायचं आणि दगड पूर्ण वाळू द्यायचा. सफाईसाठी ॲसिड कुणी ना कुणी सुचवतंच. काळ्या पाषाणाचं त्याने लगेच फार बिघडत नसेल, पण सांध्यातला चुना ते खाऊन टाकतं. ऑइलपेंटचं तर नावच नको.

वात जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती धोतराची. नव्या कापडाची खळ तेल ओढू देत नाही आणि टेरिकॉट वितळून थेंब थेंब गळतं. घरातल्या समईची वात उघड्या वाऱ्यात टिकत नाही, म्हणून पेन्सिलीएवढी जाड वळून ती रात्रभर तेलात ठेवायची. फार जाड झाली तर धूर ओकते आणि तेल झपाट्याने पिते. एरंडेल महाग, पण दाट आणि सावकाश जळणारं. हरसिद्धीला १०११ दिव्यांना साठ लिटर तेल लागतं असं सांगतात, म्हणजे दिव्यामागे साठ मिली. त्या हिशेबाने आपल्या ७२ दिव्यांना सव्वाचार लिटर, सांडलवंड धरून पाच. पणती काठाच्या बोटभर खालपर्यंतच भरायची. तुडुंब भरली की वाऱ्याने तेल ओघळतं आणि खालच्या ज्योतीवर पडून भडका उडतो.

हातांवर चढण्याची जुनी रीत बघायला थरारक असली, तरी बांबूची परांची आणि कमरेला दोर हवाच. उजेड असतानाच पणत्या मांडायच्या, तेही वरून खाली. सांडलेलं तेल लगेच पुसायचं, कारण निसरड्या हाताची खबर पायाला फार उशिरा लागते.

लावायची वेळ आली की आधी वाऱ्याची दिशा पाहायची. वारा पश्चिमेचा असेल तर ज्योती पूर्वेला झुकतात, म्हणून परांची पश्चिमेला बांधलेली बरी. सुरुवात माथ्यावरून. खालून लावत गेलं तर पेटलेल्या थरांच्या वर माणूस अडकतो आणि धोतराचा सोगा किंवा दोराचं टोक ज्योतीत जातं. प्रत्येक थरात पलीकडचे दिवे आधी, बांबूला बांधलेल्या काकड्याने लावायचे. आपल्या बाजूचे शेवटी, आणि ते लागले की लगेच एक थर खाली. वातीच्या टोकाला कापराची चिमूट असली तर एका स्पर्शात पेटते. वरून थेंब पडू शकतो, म्हणून खाली उभं राहून तेलाचा डबा धरणारा माणूस नको. डबा देवळाच्या ओवरीत, वाळूच्या बादलीशेजारी. विझलेल्या दिव्यात पुन्हा तेल ओतायला वर चढायचं नाही, तो तसाच राहू द्यायचा. आणि उत्सव उरकला म्हणून तापलेल्या हातांवर पाणी मारायचं नाही. पुढच्या वर्षी भद्द वाजणारे हात बऱ्याचदा तिथेच तयार होतात.