रॅक अँड पिनियन स्टिअरिंग: फेऱ्यांचे गणित

मोटारीचे स्टिअरिंग डावीकडच्या टोकापासून उजवीकडच्या टोकापर्यंत फिरविण्यास किती फेरे लागतात, हा आकडा वाहनाच्या तांत्रिक माहितीत अनेकदा दिलेला असतो. फेरे जितके कमी तितके स्टिअरिंग चपळ, असा त्याचा अर्थ सरसकट लावला जातो. तो अर्धाच खरा आहे.

रॅक अँड पिनियन ही रचना मुळात साधी आहे. स्टिअरिंगच्या दांड्याच्या खालच्या टोकाला पिनियन हे लहान दातेरी चाक असते. त्याचे दाते रॅक या आडव्या दातेरी दांड्यात अडकलेले असतात. पिनियन फिरले की रॅक डावी-उजवीकडे सरकतो. रॅकच्या दोन्ही टोकांना जोडलेले टाय रॉड पुढील चाकांच्या आधारावर बसविलेल्या आखूड भुजांना ढकलतात किंवा ओढतात आणि चाके वळतात. रॅक पिनियनपासून दूर सरू नये म्हणून त्याच्या पाठीमागे स्प्रिंगने दाबलेला एक ठोकळा असतो. १९४८ साली आलेल्या ब्रिटनमधील मॉरिस मायनर या लहान मोटारीत हीच रचना होती.

आता एका लहान मोटारीचे उदाहरण घेऊ. पिनियनच्या एका पूर्ण फेऱ्यात रॅक ४४ मिलिमीटर सरकतो आणि त्याची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची चाल १४५ मिलिमीटर आहे, असे समजू. १४५ ला ४४ ने भागले की सुमारे ३.३ हा आकडा येतो. टोकापासून टोकापर्यंत तेवढे फेरे लागतात.

स्टिअरिंग गुणोत्तर मात्र वेगळ्या गोष्टीचे माप आहे. रस्त्यावरचे चाक एक अंश वळण्यासाठी हातातील स्टिअरिंग किती अंश फिरवावे लागते, हे त्यावरून कळते. वळणावर आतील चाक बाहेरच्या चाकापेक्षा अधिक वळते. आपल्या उदाहरणात शेवटच्या टोकाला आतील चाक ३९ अंश आणि बाहेरचे ३३ अंश वळत असेल, तर सरासरी ३६ अंश होते. दोन्ही बाजू मिळून ती ७२ अंश भरते. ३.३ फेरे म्हणजे ११८८ अंश. त्याला ७२ ने भागल्यास गुणोत्तर १६.५ येते.

गफलत नेमकी येथे होते. दुसऱ्या एखाद्या मोटारीचे गुणोत्तरही १६.५ च आहे, परंतु तिची चाके प्रत्येक बाजूला सरासरी ३० अंशच वळतात, असे मानू. तिला टोकापासून टोकापर्यंत २.७५ फेरेच लागतील. आकड्यावरून ती अधिक चपळ भासेल. प्रत्यक्षात मार्गिका बदलताना दोन्ही मोटारींचे स्टिअरिंग सारखेच फिरवावे लागेल. दोन्हींच्या चाकांमधील अंतर सारखे असल्यास अरुंद गल्लीत वळण घेताना दुसरीला अधिक जागा लागेल. म्हणून फेऱ्यांचा आकडा वाचताना वळण्यास लागणाऱ्या वर्तुळाचा आकडाही पाहावा.

फेरे वाटेल तितके कमी न करण्याचे कारण बळाशी निगडित आहे. ३७० मिलिमीटर व्यासाच्या स्टिअरिंगची कड एका फेऱ्यात सुमारे ११६० मिलिमीटर फिरते, तेव्हा रॅक केवळ ४४ मिलिमीटर सरकतो. घर्षण सोडून दिल्यास हाताचा जोर रॅकवर सुमारे २६ पट होतो. पिनियन मोठे घेतले तर फेरे घटतात, पण ही पटही घटते आणि उभ्या गाडीची चाके वळविणे जड जाते. पॉवर स्टिअरिंगमुळे ही अडचण पुष्कळशी दूर झाली. तरीही भरवेगात हाताच्या किंचित हालचालीने गाडी झुकू नये, ही मर्यादा उरतेच. त्यावर उपाय म्हणून काही रॅकवर मध्यभागी आणि टोकांकडे दात्यांचा आकार वेगवेगळा ठेवलेला असतो. ऑस्ट्रेलियाचे अभियंते आर्थर बिशप यांचे नाव अशा रॅकशी जोडले जाते.

झीजही याच मध्यभागी आधी होते, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. टोकांवरील रबरी आवरण फाटून धूळ आणि पाणी आत गेले, तर ती वाढते. चाके न हलता स्टिअरिंग थोडे मोकळे फिरणे आणि खराब रस्त्यावर हातात ठकठक जाणवणे, ही तिची लक्षणे होत. मात्र टाय रॉडचे सांधे झिजल्यासही तसेच होते, म्हणून ते आधी तपासावेत. सरळ स्थितीपासून दोन्ही बाजूंचे फेरे असमान भरले, तर मात्र रॅकला दोष देऊ नये. बहुधा टाय रॉडची लांबी दोन्हीकडे सारखी लावलेली नसते. मध्यभागी झिजलेल्या रॅकचा ठोकळा आवळून ढिलेपणा घालविता येतो खरा, परंतु न झिजलेल्या टोकांकडे रॅक घट्ट होतो आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येईनासे होते. अशा वेळी रॅक बदलणे हाच उपाय असतो.