तीन, तीन, एक

१३ डिसेंबर २००८, शनिवार. बीबीसीवर 'स्ट्रिक्टली कम डान्सिंग'ची उपांत्य फेरी चालू होती आणि लोक पैसे मोजून फोनवरून मतं देत होते. तेवढ्यात आयोजकांच्या एक गोष्ट लक्षात आली. तीनपैकी एका जोडीला देशभरातून सगळ्यात जास्त मतं पडली असती, तरी त्या मतांनी तिची धोक्यातून सुटका होणार नव्हती. कोणी लबाडी केली नव्हती, मतमोजणीचं यंत्रही बिघडलं नव्हतं. अडलं होतं ते बेरजेत.

मी दिवसभर सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे असली गोष्ट वाचली की कागद-पेन घेतल्याशिवाय राहवत नाही. कागदावर ही बेरीज मांडून पाहिली आणि तेव्हापासून कुठला रिअ‍ॅलिटी शो दर आठवड्याला बघायचा, कुठला सोडायचा, हे मी बरंचसं तिच्यावरूनच ठरवतो.

आधी शोबद्दल थोडं. 'स्ट्रिक्टली' २००४ साली सुरू झाला. त्याचं अर्धं नाव बीबीसीच्याच 'कम डान्सिंग' या जुन्या बॉलरूम नृत्यस्पर्धेचं आहे आणि उरलेलं 'स्ट्रिक्टली बॉलरूम' या ऑस्ट्रेलियन सिनेमाचं. एक नामवंत माणूस आणि एक व्यावसायिक नर्तक अशा जोड्या असतात आणि दर आठवड्याला एक जोडी बाहेर जाते. हाच साचा पुढे 'डान्सिंग विथ द स्टार्स' म्हणून जगभर गेला. २००६मध्ये तो आपल्याकडे आला, तो 'झलक दिखला जा' होऊन.

आता हिशोब. चार परीक्षक प्रत्येकी दहापैकी गुण देतात. पण या गुणांची प्रेक्षकांच्या मतांशी थेट बेरीज होत नाही. आधी गुणांवरून क्रम लागतो. आठ जोड्या उरल्या असतील तर पहिलीला ८, दुसरीला ७, असं करत शेवटचीला १. प्रेक्षकांच्या मतांवरूनही तसाच ८ ते १ असा क्रम लागतो. मग या दोन आकड्यांची बेरीज होते आणि बरोबरी झाली तर प्रेक्षकांची पसंती वरचढ ठरते. २००८मध्ये तळातल्या दोन जोड्या पुन्हा नाचायच्या आणि त्यातली कुठली घरी जाणार, हे परीक्षक ठरवायचे.

नियम साधा दिसतो, पण त्यात एक गंमत आहे. परीक्षकांनी शेवटचा आणि प्रेक्षकांनी पहिला नंबर दिलेल्या जोडीची बेरीज १ अधिक ८, म्हणजे ९ होते. आठही जोड्यांच्या बेरजांची सरासरी काढली, तर तीही बरोबर ९च येते. जोड्या कितीही असोत, हे गणित बदलत नाही. म्हणजे सगळ्यात वाईट नाचणारा माणूस लोकांचा सगळ्यात लाडका असेल, तर तो आपोआप मधोमध जाऊन बसतो. तळाच्या दोघांत सापडणं त्याला जवळपास अशक्यच.

त्याच पर्वात जॉन सार्जंट या ज्येष्ठ राजकीय पत्रकाराच्या बाबतीत हेच घडत होतं. परीक्षक त्याला तळाला टाकत आणि प्रेक्षक वाचवत. अखेर नोव्हेंबरमध्ये त्यानं स्वतःहून स्पर्धा सोडली. आपण खरोखरच जिंकू अशी धास्ती वाटते, असं कारण त्यानं दिलं. लोकांनी ते विनोदावारी नेलं, पण हिशोबाच्या बाजूनं पाहिलं तर त्याची धास्ती रास्त होती.

उपांत्य फेरीत मात्र हेच गणित उलटं फिरलं. रेचल स्टीव्हन्स, लिसा स्नोडन आणि टॉम चेंबर्स असे तीन स्पर्धक उरले होते. परीक्षकांच्या गुणांत रेचल आणि लिसा यांची वरच्या जागेवर बरोबरी झाली. नियमानुसार दोघींना ३ गुण मिळाले आणि टॉम तिसरा म्हणून त्याला १. 'दोन' कुणालाच नाही. आता प्रेक्षकांनी टॉमला पहिला नंबर दिला असं धरू. त्याची बेरीज १ अधिक ३, म्हणजे ४. दोघींपैकी प्रेक्षकांत दुसरी येणारीची ३ अधिक २, म्हणजे ५. तिसरी येणारीची ३ अधिक १, म्हणजे पुन्हा ४. तळाच्या दोघांत टॉम आलाच! प्रेक्षकांनी त्याला दुसरा किंवा तिसरा नंबर दिला असता तर तो आणखी खाली गेला असता. म्हणजे कोणत्याही परिस्थितीत त्याला पुन्हा नाचावं लागणार होतं. त्याला वाचवायला केलेला प्रत्येक फोन वाया.

बरोबरीनंतरच्या जोडीला थेट १ न देता २ दिला असता, तर टॉमची बेरीज ५ झाली असती आणि प्रेक्षकांच्या पहिल्या पसंतीवर तो वाचू शकला असता. बरोबरीनंतरचा आकडा गाळायचा की नाही, एवढाच काय तो फरक. मोठा गट असताना हा फरक जाणवतही नाही. तिघंच उरले की त्यावर सगळा निकाल फिरतो.

बीबीसीनं त्या आठवड्यात कुणालाच बाहेर काढलं नाही. तिघंही अंतिम फेरीत गेले आणि दिलेली मतं पुढे धरली गेली. शेवटी जिंकला तो टॉम चेंबर्स.

यावरून मी स्वतःपुरत्या दोन गोष्टी ठरवल्या आहेत. पहिली, बघायला कधी लागायचं याची. क्रम लावला की अंतर पुसलं जातं. पहिला दुसऱ्यापेक्षा एका गुणानं पुढे असो की पंधरा, क्रमात तो एकाच पायरीनं पुढे असतो. त्या पर्वात सुरुवातीला सोळा जोड्या होत्या. एवढ्या गर्दीत मधल्या दहा-बारांचं वरखाली झालं तरी निकालाला काही होत नाही. म्हणून अशा शोचे सुरुवातीचे आठवडे मी खुशाल सोडतो आणि साधारण आठ जोड्या उरल्या की बसतो. तिथून प्रत्येक पायरी महाग होते. अंतिम फेरीत तर आता परीक्षकांचे गुण फक्त मार्गदर्शनापुरते असतात आणि विजेता प्रेक्षकच ठरवतात. ती मी सोहळा म्हणून बघतो, त्यात चुरस शोधत नाही.

दुसरी गोष्ट, सोडायचं कधी. परीक्षक सगळ्यांनाच नऊ-नऊ वाटू लागले की बरोबऱ्या वाढतात आणि त्यांचा क्रम काही सांगेनासा होतो. उरतं ते प्रेक्षकांचं मत, आणि त्याचे दर आठवड्याचे आकडे 'स्ट्रिक्टली' जाहीर करत नाही. निकाल दिसतो, पण तो कसा लागला हे दिसत नाही. कुठल्याही शोमध्ये सलग दोन-तीन आठवडे असं झालं, की मी फक्त चांगल्या नाचांच्या क्लिप बघतो. निकालाचा वेगळा भाग असेल, तर तो पहिल्यांदा गळतो.

याच्या उलट टोकाला 'ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ' आहे. तिथे प्रेक्षकांचं मत नाही आणि सगळं चित्रीकरण आधीच झालेलं असतं. दर आठवड्याला तीन पदार्थ करायचे. त्यातला मधला कुणी केलाय हे परीक्षकांना न सांगता चाखायला ठेवतात. चव आपल्याला कळत नाही हे खरं, पण केक मधोमध खचला किंवा मलई वितळून ओघळली, तर ते आपल्यालाही दिसतं आणि त्याच भागाच्या शेवटी कुणीतरी घरी का गेलं हे समजतं. तो शो मी पहिल्या आठवड्यापासून बघतो, एकही भाग न चुकवता.

'स्ट्रिक्टली'साठी मात्र शनिवारी हातात पेन लागतं. परीक्षकांचे गुण लागले की मी उरलेल्यांची नावं खाली खाली लिहितो आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न टाकतो: प्रेक्षकांनी याला पहिला नंबर दिला तर हा वाचतो का? जवळपास दर वेळी उत्तर 'हो' येतं. 'नाही' आलं, तर त्याच्यासाठी मत देण्यात अर्थ नाही, हे निकालाच्या आधीच कळलेलं असतं.