दातांच्या हवाली केलेला निवाडा

इटलीतील पाककृतींत पास्ता 'अल देंते' शिजवावा असे जे फर्मान असते, त्याचा शब्दशः अर्थ 'दाताला' एवढाच होय. म्हणजे शिजलेल्या पास्त्याने जिभेवर विरघळून न जाता चावताना दाताला किंचित प्रतिकार करावा. आपल्याकडे भाताचे शीत बोटांनी चेपून त्यात कणी राहिली की मोडली हे पाहण्याचा जो दस्तूर आहे, त्याचेच हे इटालियन भावंड. फरक इतकाच, की तेथे निवाड्याचा अधिकार बोटांकडून काढून दातांच्या हवाली केला आहे.

हा दंडक मात्र पुरातन नव्हे. पंधराव्या शतकातील मार्तीनो नामक विख्यात आचारी सिसिलीची माकारोनी दोन तास उकळण्यास सांगतो, यावरून त्या काळच्या श्रीमंत मुदपाकखान्यांत दातांना फारसे काम नसावे! पुढे नेपल्सच्या रस्त्यांवर माकारोनी विकली जाऊ लागली, आणि तेथील बोलीत कमी शिजवलेल्या पास्त्याला 'हिरवा हिरवा', म्हणजे फळासारखा अपक्व, म्हणण्याची जी रीत रुळली, ती मला 'अल देंते'हून अधिक रसाळ वाटते.

या गुणाचे मूळ ड्युरम गव्हात आहे. त्याच्या रव्यातील प्रथिनांचे घट्ट जाळे पिष्टकणांना धरून ठेवते, आणि पाणी बाहेरून आत झिरपत असल्यामुळे मध्यभाग सर्वांत शेवटी शिजतो. या न शिजलेल्या पांढऱ्या गाभ्याला इटालियन लोक 'आनिमा', म्हणजे आत्मा, म्हणतात. ताज्या अंड्याच्या पास्त्यात हा आत्मा शोधू नये. तो मऊच असतो.

समजा, स्पॅगेटीच्या पुड्यावर दहा मिनिटे लिहिली आहेत. शंभर ग्रॅमला एक लिटर पाणी आणि दहा ग्रॅम मीठ या हिशेबाने खळखळत्या पाण्यात ती सोडावी, आणि सातव्या मिनिटापासून दर अर्ध्या मिनिटाला एक तार काढून, फुंकर घालून, पुढच्या दातांनी तोडावी. पिठूळ कचकच लागली व तुटलेल्या टोकाशी ठसठशीत पांढरा ठिपका दिसला, तर ती कच्ची. ठिपका टाचणीच्या टोकाएवढा उरून दात सहज पण जाणवण्याजोगे रुतले, की वेळ साधली. प्रतिकार मुळीच नसेल, तर वेळ टळली. तार भिंतीवर फेकून चिकटते का पाहण्याची प्रथा मात्र निरर्थक आहे, कारण चिकटण्याचा संबंध पृष्ठावरील ओलसर पिष्टाशी असतो, गाभ्याशी नव्हे.

शिवाय पातेले उतरले तरी उष्णतेचा अंमल संपत नाही. म्हणून सॉसमध्ये परतायची स्पॅगेटी ठिपका स्पष्ट दिसत असतानाच, मिनिट-दीड मिनिट आधी उपसावी, आणि अखेरचा घास सॉसमधूनच काढून चावून पाहावा.