पिस्तुलाची मूठ आणि तळहाताचे माप

पिस्तुलात किती काडतुसे मावतात, हा प्रश्न सर्वप्रथम विचारला जातो. मात्र ती काडतुसे ज्या पेटीत म्हणजे मॅगझिनमध्ये राहतात, ती पेटी मुठीच्या आतच बसते. त्यामुळे मॅगझिनची रुंदी वाढली की मूठही जाड होते आणि लहान पंजाच्या व्यक्तीला चापापर्यंत बोट पोहोचविणे अवघड जाते. क्षमता आणि पकड यांतील हा झगडा जवळपास शतकभराचा आहे.

एकेरी आणि दुहेरी रांग

एकेरी रांगेच्या मॅगझिनमध्ये काडतुसे एकावर एक सरळ रचलेली असतात. अमेरिकी लष्कराचे जुने .45 बोअरचे 1911 पिस्तूल याच पद्धतीचे असून त्यात 7 काडतुसे बसत. दुहेरी रांगेत काडतुसे आलटून पालटून डावी-उजवीकडे, नागमोडी बसतात. जॉन ब्राउनिंग यांच्या 1926 मधील निधनानंतर दियुदोने सेव्ह यांनी पूर्ण केलेले 'हाय पॉवर' पिस्तूल 1935 मध्ये आले. त्याच्या दुहेरी मॅगझिनमध्ये 13 काडतुसे मावत. याच पिस्तुलाची भारतीय आवृत्ती इशापूरच्या रायफल कारखान्यात तयार झाली आणि ती भारतीय लष्कर व पोलिसांच्या वापरात आली.

गणित काय सांगते?

9 मि.मी. काडतुसाचा बुडाकडील व्यास सुमारे 10 मि.मी. असतो. अशी 10 काडतुसे एकेरी रांगेत रचली तर पेटीत साधारण 100 मि.मी. उंची लागते, रुंदी मात्र 10 मि.मी. पुरते. तीच काडतुसे दुहेरी रांगेत घट्ट बसविली तर उंची 55 मि.मी.वर येते आणि रुंदी 19 मि.मी.च्या जवळ जाते. म्हणजे उंची निम्म्यावर आणण्यासाठी पेटी सुमारे 9 मि.मी. रुंद करावी लागते. ही वाढ मुठीच्या पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही अंगांना होत असल्याने मुठीचा घेर 17-18 मि.मी.ने वाढतो.

मुठीची पुढून मागेपर्यंतची खोली मात्र यात बदलत नाही. ती काडतुसाच्या सुमारे 30 मि.मी. लांबीवर ठरते. त्यामुळे 9 मि.मी.ची एकेरी मूठ बारीक असली तरी तिची खोली कमी होत नाही. बोटाला चापापर्यंत जाण्यासाठी मुठीच्या बाजूला वळसा घालावा लागतो आणि जाडी वाढल्यावर हा वळसा लांबतो.

चुकीची पकड कशी ओळखावी?

मूठ मोठी असेल तर नेमबाज नकळत पिस्तूल हातात फिरवतो. मग नळी मनगट आणि कोपर यांच्या सरळ रेषेत राहत नाही; झटका तळहाताऐवजी अंगठ्याच्या सांध्यावर येतो. बोटाचे टोकच चापाला टेकत असल्याने चाप सरळ मागे न येता बाजूला ढकलला जातो. उजव्या हाताच्या नेमबाजाच्या गोळ्या लक्ष्याच्या डावीकडे जमा होऊ लागल्या, तर या कारणाचाही विचार करावा. प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, पिस्तूल रिकामे असल्याची दोनदा खात्री करून ही तपासणी करता येते. नळी हाताच्या रेषेत ठेवून तर्जनीच्या पहिल्या पेराचा मधला भाग चापावर आला, तर मूठ मापात आहे.

दुसरी अडचण मॅगझिन भरताना येते. पिस्तुलाच्या दुहेरी मॅगझिनचा वरचा भाग निमुळता होऊन काडतूस एकेक करून बाहेर सोडतो. तेथे शेवटची काही काडतुसे दाबून बसविण्यास अंगठ्याला जास्त जोर द्यावा लागतो.

अमेरिकी लष्कराचा अनुभव

अमेरिकी लष्कराने 1985 मध्ये 1911 ऐवजी 15 काडतुसांचे बेरेटा एम-9 स्वीकारले. त्याची मूठ जाड आणि पहिल्या गोळीच्या वेळी चाप बराच पुढे असल्याने लहान हातांच्या सैनिकांना ते गैरसोयीचे ठरे. 2017 मध्ये निवडलेल्या सिग सॉरच्या एम-17 या पिस्तुलात मुठीचे आवरण लहान, मध्यम व मोठ्या आकारात बदलता येते. त्यात 17 काडतुसांचे मॅगझिनही आहे.

मात्र या उपायालाही मर्यादा आहे. आवरण बदलले तरी आतील पेटीची रुंदी तीच राहते. लहान आवरणातही दुहेरी पेटीपेक्षा मूठ बारीक होऊ शकत नाही. अगदी छोट्या पंजाला तेवढीही मूठ मोठी वाटत असेल, तर एकेरी मॅगझिन पत्करून काही काडतुसे सोडणे हाच मार्ग उरतो. मुठीत नीट न बसणाऱ्या पिस्तुलातील जादा गोळ्या लक्ष्याला लागण्याची शक्यता कमीच असते.