वाळवंटातली बीजपेढी: एका कल्पनेची कुळकथा

वाळवंटातल्या वर्षायू वनस्पतीचे आयुष्य एका पावसाने सुरू होते आणि जमिनीतली ओल संपली की संपते. मधल्या काही आठवड्यांत तिला उगवायचे, फुलायचे आणि बी धरायचे असते. साठवणुकीसाठी तिच्याजवळ ना खोल मूळ असते, ना मांसल खोड. कोरड्या काळातून पार होणारी तिची एकच अवस्था म्हणजे बी. एखाद्या वर्षी वाळवंट फुलांनी भरून जाते आणि पुढची काही वर्षे तिथे हिरवे काही दिसत नाही, तेव्हा ती वनस्पती नाहीशी झालेली नसते. मातीच्या वरच्या काही सेंटिमीटर थरात तिच्या बिया पडून असतात. अशा जिवंत पण न उगवलेल्या बियांच्या साठ्याला बीजपेढी म्हणतात.

पेढीतल्या सगळ्या बिया एकाच पावसात का उगवत नाहीत, हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. चांगला पाऊस झाला, जमीन ओली आहे, हवा अनुकूल आहे, तरी बऱ्याच बिया स्वस्थ पडून राहतात. त्यांना कुजण्याचा धोका असतो, मुंग्या आणि उंदीर त्या खातात, आणि उगवलेल्या शेजारणींच्या शेकडो बिया होत असताना त्यांची संतती शून्यच राहते. याचे उत्तर दोन टप्प्यांत मिळाले. पहिला टप्पा प्रयोगशाळेतल्या मातीचा होता आणि दुसरा कागदावरच्या गणिताचा.

पहिल्या टप्प्यातले महत्त्वाचे नाव फ्रिट्स वेंट. मूळचा हा डच शास्त्रज्ञ १९२८मध्ये ऑक्सिन या वनस्पती-संप्रेरकाच्या मोजणीमुळे प्रसिद्ध झाला होता. पुढे कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेत आल्यावर, १९४०च्या दशकात, त्याने मोहावी आणि कोलोरॅडो वाळवंटांतली माती तबकांत भरून तिच्यावर कृत्रिम पाऊस पाडला. अर्ध्या इंचापेक्षा, म्हणजे सुमारे १२ मिलिमीटरपेक्षा कमी पाण्यात बहुतेक वर्षायू उगवत नव्हत्या. इंच-दोन इंच पावसात त्या भरघोस येत. खरी गंमत पुढे होती. तबकाच्या तळातून पाणी शोषू देऊन माती तेवढीच ओली केली, तर उगवण होत नसे. पाणी वरूनच पडावे लागे. वेंटने याचा अर्थ असा लावला की बियांच्या आवरणातली उगवण रोखणारी द्रव्ये आणि मातीतले क्षार वरून पडणाऱ्या पाण्याने धुऊन खाली जावे लागतात. शिवाय थंड हवेत पाऊस पडला तर हिवाळी जाती उगवत आणि उष्ण हवेत पडला तर उन्हाळी. माती तीच असे.

म्हणजे बी पाऊस मोजते. ज्या सरीने जमीन फक्त वरवर भिजेल ती सर ते सोडून देते. इस्रायली परिसरशास्त्रज्ञ इमॅन्युएल नॉय-मेइर याने १९७३मध्ये वाळवंटाचे जे चित्र मांडले, त्यात ही गोष्ट नेमकी बसते. तिथला पाऊस सलग ऋतूसारखा येत नाही, ठोक्यांसारखा येतो. एक ठोका जमिनीत मर्यादित ओल सोडतो, त्या ओलीवर थोडा काळ वाढ होते, आणि वाढीतला काही भाग पुढच्या ठोक्यापर्यंत टिकणाऱ्या राखीव साठ्यात जमा होतो. वर्षायूंचा राखीव साठा म्हणजे बीजपेढी.

पण मोजणीने सगळे भागत नाही. २५ मिलिमीटरच्या पावसानंतर दुसरा पाऊस येईल की नाही, हे पहिल्या पावसात कुठेच लिहिलेले नसते. पहिल्या पावसावर पेरणी करून मग पावसाने ओढ दिली, तर मराठवाड्यातल्या शेतकऱ्यावर दुबार पेरणीची वेळ येते. त्याला बियाणे पुन्हा विकत आणता येते; वर्षायू वनस्पतीला दुबार पेरणी स्वतःच्याच, न उगवलेल्या बियांतून करावी लागते.

या राखणीचे गणित जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या डॅन कोहेन याने १९६६मध्ये मांडले. त्याचा प्रश्न नेमका होता: दरवर्षी पेढीतला किती हिस्सा उगवला, तर वंश दीर्घ काळात सर्वांत वेगाने वाढेल? एक सोपे उदाहरण घेऊन हे पाहता येते. समजा, चांगले आणि वाईट वर्ष येण्याची शक्यता निम्मी-निम्मी आहे. चांगल्या वर्षी उगवलेल्या प्रत्येक रोपापासून १० बिया मिळतात आणि वाईट वर्षी एकही नाही. न उगवलेल्या बियांपैकी ९० टक्के पुढच्या वर्षापर्यंत जिवंत राहतात. पेढीत आज १००० बिया आहेत.

सगळ्या उगवल्या तर पहिल्याच वाईट वर्षी वंश संपतो, हे उघड आहे. ९० टक्के उगवल्या तर? चांगल्या वर्षाअखेर ९०० रोपांच्या ९००० बिया आणि राखलेल्या १०० पैकी ९०, मिळून ९०९० होतात. पुढचे वर्ष वाईट गेले की त्यांतल्या ८१८१ बिया उगवून वाया जातात, उरलेल्या ९०९ मधून ८१८ वाचतात. दोन वर्षांत १०००च्या ८१८ झाल्या. निम्म्याच उगवल्या असत्या, तर चांगल्या वर्षाअखेर ५४५० आणि वाईट वर्षाअखेर सुमारे २४५० बिया राहिल्या असत्या. वर्षांचा क्रम उलटा केला तरी उत्तर तेच येते. दहा वर्षांत पाच चांगली आणि पाच वाईट गेली, तर पहिल्या वंशाच्या सुमारे ३६६ बिया उरतात आणि दुसऱ्याच्या ८८ हजारांवर जातात.

चकवा इथेच आहे. साध्या सरासरीने पाहिले तर ९० टक्के उगवणारा वंश वर्षाला ४.५९ पट वाढतो आणि निम्मा उगवणारा फक्त २.९५ पट. साधी सरासरी पहिल्याला श्रेष्ठ ठरवते आणि प्रत्यक्षात तोच घटत जातो. वर्षांमागून वर्षे जातात तेव्हा वाढीचे आकडे एकमेकांत मिळवले जात नाहीत, गुणले जातात. गुणाकारात एक अगदी लहान आकडा पुष्कळ मोठ्या आकड्यांची कमाई खाऊन टाकतो. म्हणून इथे खरी कसोटी भूमितीय मध्याची असते. या उदाहरणात त्या कसोटीवर सर्वोत्तम उगवण सुमारे ४५ टक्के येते, म्हणजे चांगल्या वर्षाच्या शक्यतेच्या जवळपास. कोहेनच्या मांडणीचा गाभा हाच आहे: वर्षे जितकी बेभरवशाची, तितकी उगवण कमी असावी.

या हिशेबाचे मूळ वनस्पतिशास्त्राच्या बाहेर आणि बरेच जुने आहे. १७३८मध्ये डॅनिएल बर्नोली याने जोखमीच्या मोजमापावर लिहिलेल्या लॅटिन निबंधात एका व्यापाऱ्याचे उदाहरण आहे. त्याने सगळा माल एका जहाजातून आणण्यापेक्षा दोन जहाजांत वाटून आणावा, असे बर्नोलीने आकडे मांडून दाखवले. जीवशास्त्रात ‘बेट-हेजिंग’ हे नाव रूढ झाले ते १९७४नंतर. त्या वर्षी माँटगोमेरी स्लॅटकिन याने ‘नेचर’मधल्या एका टिपणाच्या शीर्षकात पैज विभागून लावण्याचा वाक्प्रचार उत्क्रांतीला जोडला. जीवशास्त्रातला त्याचा अर्थ काटेकोर आहे: सरासरी यश थोडे कमी पत्करून यशातले चढउतार घटवणे. सरासरीत काहीच गमवावे लागत नसेल, तर ती बेट-हेजिंग नव्हे.

कागदावरचे हे गणित मातीत तपासायला दीर्घ नोंदी लागणार होत्या, आणि त्या टूसॉनजवळच्या तुमामोक टेकडीवर तयार झाल्या. ॲरिझोनातल्या या टेकडीवर कार्नेगी संस्थेने १९०३मध्ये वाळवंट-प्रयोगशाळा उभारली होती. तिथे लॉरेन्स व्हेनेबल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून हिवाळी वर्षायूंची नोंद ठेवली. पद्धत कष्टाची होती. कायमच्या आखलेल्या छोट्या चौकटींत, उगवण घडवणाऱ्या प्रत्येक पावसानंतर, प्रत्येक रोपाची जागा टिपायची. ते जगले की मेले आणि त्याला किती बिया आल्या हे पाहायचे. उगवणीचा काळ सरल्यावर मातीचे नमुने काढून चाळायचे, म्हणजे न उगवता राहिलेल्या बिया मोजता येतात. दोन्ही आकडे हाती आले की त्या जातीचा उगवणीचा हिस्सा निघतो. या जातींत प्लँटॅगो इन्सुलॅरिसही आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ आता तिला प्लँटॅगो ओव्हाटामध्येच धरतात, म्हणजे गुजरात-राजस्थानात पिकणाऱ्या इसबगोलाच्या जातीत.

२००७मध्ये व्हेनेबलने दोन दशकांच्या नोंदींचा निष्कर्ष मांडला. एकाच टेकडीवर, एकाच पावसात वाढणाऱ्या जातींपैकी ज्यांच्या बीज-उत्पन्नात वर्षागणिक मोठे चढउतार होतात, त्यांच्या बिया कमी हिश्शाने उगवतात. ज्यांचे उत्पन्न स्थिर, त्या जास्त उगवतात. जी जात ओल टंचाईतही काटकसरीने वापरते तिला वाईट वर्षाचा फटका कमी बसतो, म्हणून तिला पेढीत फार राखून ठेवावे लागत नाही. ओल मुबलक असताना झपाट्याने वाढणारी जात टंचाईत कोसळते आणि पेढीवर अधिक विसंबते.

तरीही न उगवलेली प्रत्येक बी राखीवच होती, असे म्हणता येत नाही. ती दगडाखाली कोरडी राहिली असेल, फार खोल गेली असेल किंवा मेलेली असेल. हे वेगळे काढायचे तर एकाच मातृरोपाच्या बिया एकसारख्या ओल-तापमानात ठेवाव्या लागतात, आणि पहिल्या वर्षी न उगवलेल्यांना पुढच्या वर्षी पुन्हा तशीच संधी द्यावी लागते. दरवर्षी थोड्या थोड्या उगवत गेल्या, तर विलंब बियांच्या घडणीतच आहे असे ठरते. हिवाळी वर्षायूंच्या बियांना उन्हाळ्याच्या उष्णतेत पक्व व्हावे लागते आणि तोवर त्यांची सुप्तावस्था सुटत नाही, हेही अशा तपासणीत लक्षात घ्यावे लागते.

कोहेनच्या मूळ सूत्रात आणखी एक उणीव होती. त्यात गर्दी नव्हती. वरच्या उदाहरणातला ८८ हजारांचा आकडा प्रत्यक्ष जमिनीवर शक्य नाही, कारण रोपे दाटली की प्रत्येकाच्या वाट्याची ओल घटते आणि रोपामागे १० बिया मिळत नाहीत. जेनिफर ग्रेमर आणि व्हेनेबल यांनी २०१४मध्ये तुमामोकच्या जातींसाठी दोन्ही प्रकारची गणिते केली. गर्दी वगळलेल्या गणितापेक्षा गर्दी धरलेल्या गणिताचे भाकीत प्रत्यक्ष उगवणीशी अधिक जुळले. चांगल्या वर्षी सगळ्यांबरोबर उगवण्याचा फायदा गर्दीमुळे कमी होतो, म्हणून मागे राहिलेल्या बीचे नुकसानही तेवढे मोठे नसते.

या नोंदींनी एक अनपेक्षित गोष्टही उघड केली. टूसॉनचा हिवाळा उबदार होत असताना तुमामोकवर थंडीत तग धरणाऱ्या जाती वाढत गेल्या. कारण उगवण घडवणारा हिवाळ्यातला पहिला मोठा पाऊस पूर्वीपेक्षा उशिरा येऊ लागला आणि रोपे वर्षाच्या अधिक थंड दिवसांत उगवू लागली. सरासरी तापमानाकडे पाहून कोणालाही याच्या उलट अंदाज बांधता आला असता. बियांचा संबंध मात्र वर्षाच्या सरासरीशी नसतो. ज्या दिवसांत पाऊस पडतो, त्या दिवसांच्या तापमानाशी असतो.