अठ्ठावीस दिवसांची कुळकथा

चंद्रपूर आणि गडचिरोली ह्या अरण्यप्रधान जिल्ह्यांत लग्न ठरले म्हणजे मुहूर्त, देणेघेणे, मांडव आणि तेंदूपानांच्या हंगामाची सवड ह्या साऱ्यांचा विचार घरातील वडीलधारी मंडळी बारकाईने करतात. परंतु वधूने लग्नाआधी कोणत्या लशी घ्याव्यात आणि त्यानंतर किती काळ दिवस जाऊ देऊ नयेत, हा प्रश्न त्या बैठकीत सहसा कोणी काढीत नाही. नियम तसा छोटा आहे. रुबेला आणि कांजण्या ह्यांची लस घेतल्यावर एक महिना, म्हणजे अठ्ठावीस दिवस, गर्भधारणा टाळावी. हिपॅटायटिस बी म्हणजे ब प्रकारच्या काविळीची लस घेतल्यावर अशी कोणतीही मुदत पाळण्याची गरज नाही. एकाच कारणासाठी घेतल्या जाणाऱ्या तीन लशींपैकी दोहोंना मुदत आणि तिसरीला मोकळीक असा भेद का, आणि ती मुदत नेमकी अठ्ठावीस दिवसांचीच का, हे समजून घेण्यासाठी १९४१ सालच्या सिडनी शहरात जावे लागते.

नॉर्मन ग्रेग हे तेथील नेत्रवैद्य. त्या वर्षी त्यांच्याकडे जन्मतःच मोतीबिंदू असलेली तान्ही मुले इतक्या संख्येने येऊ लागली की हा योगायोग मानणे त्यांना अशक्य झाले. त्यातच दवाखान्यात आपल्या पाळीची वाट पाहत बसलेल्या माता आपापसात गर्भारपणातील आजाराविषयी बोलत असल्याचे त्यांच्या कानी पडले, आणि त्यांनी प्रत्येक मातेची रीतसर विचारपूस आरंभिली. अठ्ठ्याहत्तर बालकांची हकीकत त्यांनी जमवली. त्यांपैकी अडुसष्टांच्या मातांना गर्भारपणी, बहुधा पहिल्या दोन महिन्यांत, जर्मन गोवर म्हणजेच रुबेला होऊन गेला होता. तीन दिवस फिकट गुलाबी पुरळ, किंचित ताप आणि कानामागच्या गाठींची सूज, एवढ्यावर निभावणारा हा आजार गर्भाचे डोळे, कान आणि हृदय कायमचे अधू करू शकतो, हे ग्रेग ह्यांनी त्याच वर्षी मांडले, तेव्हा अनेक मातबर वैद्यांनी त्याकडे संशयाने पाहिले. माझ्या मते ह्या सबंध इतिहासातील सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे की, शोधाचा पहिला धागा मातांच्या बोलण्यातून निघाला आणि तो ऐकून घेण्याइतका धीर एका वैद्याजवळ होता. पुढे असे निश्चित झाले की पहिल्या बारा आठवड्यांत मातेला रुबेला झाला तर दहापैकी जवळपास नऊ गर्भांना कोणती ना कोणती इजा पोचू शकते. आठवडे वाढत जातात तसतसा हा धोका झपाट्याने उतरतो.

१९६४-६५ साली अमेरिकेत रुबेलाची जी प्रचंड साथ आली, तिच्यात सुमारे वीस हजार बालके जन्मजात व्यंगे घेऊन जन्मली. ह्याच काळात फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत स्टॅन्ली प्लॉटकिन ह्यांनी रुबेलाग्रस्त मातेच्या गर्भाच्या ऊतींतून विषाणू वेगळा काढला आणि मानवी पेशींमध्ये, शरीराच्या तापमानाहून बऱ्याच कमी, म्हणजे तीस अंश सेल्सियसच्या उष्णतेत तो पुनःपुन्हा वाढवून निस्तेज केला. त्याला आरए २७/३ असे नाव पडले. सत्ताविसावा गर्भ आणि त्यातील ऊतीचा तिसरा तुकडा, एवढाच त्या अंकांचा अर्थ. आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणाऱ्या रुबेलाच्या लशीतही आज हाच वंश नांदतो आहे.

लस जिवंत आहे, मग ती गर्भवती स्त्रीला दिली गेली तर निस्तेज केलेला विषाणूही गर्भापर्यंत पोचणार नाही कशावरून, ही शंका पहिल्या दिवसापासूनच होती आणि ती योग्यच होती. म्हणून लस दिल्यावर तीन महिने गर्भधारणा टाळावी, असा दंडक सुरुवातीस घातला गेला. तीन महिन्यांचा हा आकडा मोजमापातून आलेला नव्हता. तो केवळ सावधगिरीचा अंदाज होता. तथापि माणसांच्या व्यवहारात दंडक मोडले जातातच. गर्भ राहिल्याचे ठाऊक नसताना लस घेतलेल्या, किंवा लस घेतल्यावर लगेच दिवस गेलेल्या स्त्रियांची नोंद ठेवण्याचे काम अमेरिकी सरकारच्या रोगनियंत्रण केंद्राने १९७१ साली हाती घेतले आणि ते १९८९ पर्यंत चालवले. अन्य देशांतील माहितीही जोडून घेतली, तेव्हा मुळात प्रतिकारशक्ती नसलेल्या स्त्रियांच्या अशा ६८० जिवंत बालकांचा दप्तरी आधार तयार झाला. त्यांच्यापैकी एकाही बालकात रुबेलाचे जन्मजात व्यंग आढळले नाही. ह्या पुराव्यावर ऑक्टोबर २००१ मध्ये तेथील सल्लागार समितीने तीन महिन्यांची मुदत अठ्ठावीस दिवसांवर आणली. लशीतला विषाणू पहिल्या दोन-तीन आठवड्यांत शरीरात वाढतो आणि मग नाहीसा होतो. अठ्ठावीस दिवसांत हा काळ थोड्या सवडीसह सामावतो. तेव्हा लस घेतल्यावर नकळत दिवस गेल्याचे कळले, तर घाबरून गर्भ काढून टाकण्याचे काहीही कारण नाही, हेही ह्याच दप्तराने शिकवले आहे, आणि ते मुदतीच्या नियमाइतकेच ठामपणे सांगितले गेले पाहिजे.

कांजण्यांच्या लशीचा वंश जपानचा. मिचिआकी ताकाहाशी ह्यांनी आपल्या लहान मुलाला कांजण्यांनी तळमळताना पाहिले होते. पुढे एका मुलाच्या फोडांतील विषाणूपासून त्यांनी निस्तेज वाण सिद्ध केला आणि १९७४ साली तो जगापुढे ठेवला. हीही जिवंत लस असल्यामुळे रुबेलाची मुदत तिलाही लागू झाली. उष्ण प्रदेशांत कांजण्या बालपणाऐवजी तरुणपणी होण्याचे प्रमाण अधिक असते, म्हणून आपल्याकडील नववधूंपैकी पुष्कळजणी अजून त्यांच्या तडाख्यात सापडण्याजोग्या असतात. प्रसूतीच्या पाच दिवस आधीपासून दोन दिवस नंतरपर्यंत मातेला पुरळ उठले, तर तान्ह्या जिवाला प्राणघातक आजार होण्याची भीती असते. काविळीच्या लशीची गोष्ट मात्र निराळी. तिच्यात विषाणूच नसतो. त्याच्या बाह्य आवरणाचे केवळ एक प्रथिन असते. ते यीस्टच्या पेशींत तयार करण्याची पद्धत १९८६ साली आली, आणि १९९७ मध्ये हैदराबादेत भारतीय बनावटीची लस निघाली. ज्यात वाढणारे काही नाही, त्याच्यासाठी मुदत कसली? ही लस गर्भारपणीसुद्धा घेता येते.

आता आपल्या जिल्ह्यांकडे वळू. महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम २७ नोव्हेंबर २०१८ रोजी सुरू झाली आणि नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींना ती लस शाळा व अंगणवाड्यांतून देण्यात आली. म्हणजे नोव्हेंबर २००३ च्या आधी जन्मलेली मुलगी त्या रेषेच्या पलीकडे राहिली. बालकांच्या नियमित लसीकरणात काविळीची लस देशभर २०११ पासून आली. कांजण्यांची लस तर सरकारी कार्यक्रमात अद्याप नाही. ज्या पिढीच्या मुली आज लग्न करीत आहेत वा पहिल्या मुलाचा विचार करीत आहेत, त्यांतील कित्येकजणींच्या वाट्याला तिन्हींपैकी एकही लस आलेली नसावी. शिवाय प्राथमिक आरोग्य केंद्रातील गोवर-रुबेला लशीची कुपी अनेक डोसांची असते. तिच्यातील कोरड्या भुकटीत द्रावण मिसळले की ती चार तासांत संपवावी लागते. तेव्हा एका प्रौढ स्त्रीसाठी ती उघडण्याचा शिरस्ता नाही. रुबेलाचा समावेश असलेली एकेरी डोसाची एमएमआर लस बाजारात मिळते, आणि ती बहुधा बालरोगतज्ज्ञाच्या शीतपेटीत सापडते, हे लक्षात ठेवावे.

समजा, मूलच्या एका मुलीचे लग्न एप्रिलच्या अखेरीस ठरले आहे. तिने पाळी येऊन गेल्यावर ५ फेब्रुवारीला चंद्रपुरात जाऊन एमएमआर, कांजण्या आणि काविळीची पहिली लस, तिन्ही एकाच दिवशी वेगवेगळ्या ठिकाणी टोचून घ्याव्यात. काविळीच्या लशीआधी रक्ताची एचबीएसएजी चाचणी करावी. ती सकारात्मक आली तर लस निरर्थक, पण ती माहिती जपून ठेवणे मात्र अतिशय महत्त्वाचे, कारण तिच्या बाळाला जन्मल्यापासून चोवीस तासांत लस आणि इम्युनोग्लोब्युलिन मिळाले पाहिजे. रुबेलासाठी रक्त तपासायला शहरी प्रयोगशाळेपर्यंत धावण्याची गरज नाही. आधीच प्रतिकारशक्ती असलेल्या स्त्रीला लस दिली तरी अपाय होत नाही. अठ्ठावीस दिवसांनी, ५ मार्चला, तिन्हींचा दुसरा डोस. तेथून आणखी अठ्ठावीस दिवस, म्हणजे २ एप्रिलपर्यंत, गर्भधारणा टाळायची. आधीच लग्न झालेल्या जोडप्याने ह्या काळात निरोध वापरावा. काविळीचा तिसरा डोस ५ ऑगस्टला; त्या वेळी दिवस गेलेले असले तरी तो निःशंक घ्यावा. एक खबरदारी मात्र हवी. दोन जिवंत लशी एकाच दिवशी घेतल्या नाहीत, तर त्यांच्यामध्ये अठ्ठावीस दिवसांचे अंतर असावे; तसे न झाल्यास दुसरी लस वाया गेली असे समजून ती पुन्हा द्यावी लागते.

ह्या भागात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. सिकलसेलचा विकार विदर्भाच्या ह्या पूर्व भागात जुना आहे, आणि त्याने पीडित मुलींना वेळोवेळी रक्त चढवावे लागते. रक्तदात्याच्या रक्तातील प्रतिपिंडे लशीतल्या जिवंत विषाणूला वाढूच देत नाहीत, म्हणून तांबड्या पेशींची पिशवी चढवल्यावर एमएमआर व कांजण्यांच्या लशीसाठी सुमारे सहा महिने थांबावे लागते. नाहीतर सुई टोचली जाते, प्रतिकारशक्ती मात्र येत नाही, आणि ती आली नाही हे कोणाच्या ध्यानीही येत नाही. काविळीच्या लशीला ही अडचण नाही. उलट वारंवार रक्त घेणाऱ्या मुलीला तिची अधिक निकड असते.

दुर्गम गावांत स्त्रीची आरोग्यसेविकेशी पहिली गाठ बहुधा गर्भवती म्हणून नोंदणी होते त्या दिवशी पडते, आणि तेव्हा रुबेलाच्या दृष्टीने घातक असलेले आठवडे बव्हंशी सरलेले असतात. ती वेळ हुकलीच असेल तर निराश होण्याचे कारण नाही. बाळंतपणानंतर, बाळ अंगावर पीत असतानाही, रुबेला आणि कांजण्यांची लस घेता येते, आणि तिचा लाभ पुढच्या मुलाला होतो. ज्या घरात यंदा लग्न ठरले आहे, त्या घरच्या मंडळींना माझी एवढीच विनंती आहे की पत्रिका छापण्याआधी तीन महिने वधूला बालरोगतज्ज्ञाकडे किंवा जिल्हा रुग्णालयात नेऊन ह्या तीन लशींविषयी विचारावे, आणि मिळालेला लसीकरणाचा दाखला तिच्या आधारपत्राइतकाच जपून सासरी सोबत द्यावा.