भग्न हृदय, अभंग अस्थी : एका सांत्वनपत्राच्या निमित्ताने

गेल्या वर्षी आमच्या एका प्राध्यापक मित्राचा धाकटा भाऊ रस्त्यावरील अपघातात गेला. मित्रानेच त्याला काही कामासाठी गावी पाठवले होते, आणि तो सल त्याला जाळत होता. मित्र ख्रिस्ती. त्याला पत्र लिहिताना स्तोत्रसंहितेतील चौतिसाव्या स्तोत्राचे अठरावे वचन आम्हाला आठवले. ज्यांचे हृदय मोडले आहे त्यांच्या निकट देव असतो, असा त्याचा आशय. परंतु प्रत्येक अंत्यविधीत हे वचन ऐकलेल्या माणसाला ते पुन्हा ऐकवून काय साधणार? म्हणून वचनाबरोबर त्याची पार्श्वभूमीही लिहावी असे ठरवले आणि ती लिहिता लिहिता वचनाचा अर्थ आम्हालाच नव्याने उमगला.

या स्तोत्राच्या माथ्यावर एक टीप आहे : दावीदाने अबीमलेखापुढे वेडाचे सोंग केले आणि त्याने हाकलून दिल्यावर तो निघून गेला, त्या वेळचे हे स्तोत्र. मूळ कथा पहिल्या शमुवेलाच्या एकविसाव्या अध्यायात येते. शौल राजा जिवावर उठल्यामुळे दावीद पळाला. नोब येथे अहीमलेख याजकाकडून त्याने पवित्र भाकरी आणि गल्याथाची तलवार घेतली व तो गथला गेला. गथ हे गल्याथाचेच गाव! तेथे ओळख पटताच भीतीने त्याने वेडाचे सोंग घेतले. तो फाटकाच्या दारांवर ओरखडे काढू लागला, दाढीवरून लाळ गाळू लागला. मला वेड्यांची वाण आहे काय, असे म्हणून राजाने त्याला घालवून दिले.

कथेत या राजाचे नाव आखीश आहे. टिपेत मात्र अबीमलेख. स्तोत्रांवरच्या अशा टिपा नंतरच्या संपादकांनी जोडल्या असाव्यात, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मग याच स्तोत्राला हीच कथा का जोडली गेली? त्याचे एक उत्तर शब्दांत सापडते. कथेत वेड्यासारखे वागण्यासाठी जे हिब्रू क्रियापद आहे, त्याच्याच वर्णांचे क्रियापद स्तोत्राच्या दुसऱ्या वचनात 'अभिमान बाळगणे' या अर्थाने येते. तसेच दावीदाने जे 'तआम', म्हणजे शहाणपण वा वर्तन, पालटले, त्याच धातूपासून स्तोत्रातील 'चाखून पाहा' ही हाक बनली आहे. संपादकाने हे प्रतिध्वनी ऐकले असावेत. स्तोत्र स्वतः मात्र हिब्रू वर्णमालेच्या क्रमाने बांधलेली रेखीव रचना आहे. ते भीतीच्या क्षणी फुटलेले उद्गार वाटत नाहीत.

म्हणजे टीप इतिहासाचा पुरावा नव्हे. ते एका जुन्या वाचकाचे वाचन आहे. भग्नहृदयी कोण, या प्रश्नाला त्याने उत्तर दिले : लाळ गाळणारा, लाज सोडून जगलेला माणूस.

कथा येथे थांबत नाही. दावीदाला भाकरी दिली म्हणून शौलाने दवेगाकरवी पंच्याऐंशी याजकांची कत्तल केली. अहीमलेखाचा मुलगा अब्याथार तेवढा वाचला आणि दावीदाकडे आला. दवेग सांगणार हे आपल्याला त्याच दिवशी कळले होते, तुझ्या घरच्यांच्या मृत्यूला मीच कारण झालो, असे दावीद त्याला म्हणाला. कोणतीही सबब त्याने पुढे केली नाही. माझ्यापाशी राहा, भिऊ नकोस, असे म्हणाला. वचनातला 'निकट' हा शब्द आम्हाला या प्रसंगापाशी कळला. दुःख दूर करण्याचे आश्वासन त्या शब्दात नाही. आहे ती सोबत.

आणखी एक गोष्ट पत्रात सांभाळावी लागली. विसावे वचन म्हणते की देव नीतिमानाची सर्व हाडे राखतो, एकही मोडत नाही. मूळ हिब्रूत हृदय आणि हाड या दोहोंसाठी 'मोडणे' हे एकच क्रियापद आहे. कवीने जोडी मुद्दाम साधली असावी. परंतु अपघातात भाऊ गमावलेल्या माणसाला ते वचन पाठवणे क्रूर ठरले असते. सांत्वन करणाऱ्याला कुठे थांबायचे हेही कळावे लागते. आम्ही अठराव्या वचनापाशी थांबलो.

पत्राचा शेवट असा केला : "दोष तुझा नव्हे, असे लांबून म्हणणे आम्हाला सोपे आहे, म्हणून म्हणत नाही. ज्याच्या नावावर हे वचन आहे, तोही असा सल घेऊनच जगला. येत्या रविवारी आम्ही तुझ्याकडे येतो. बोलायलाच हवे असे नाही."

रविवारी आम्ही गेलो. मित्र फारसे बोलला नाही. निघताना मात्र म्हणाला, "अब्याथार राहिला का रे शेवटपर्यंत?" दावीदाच्या म्हातारपणापर्यंत तो त्याच्याजवळच होता, एवढे आम्ही सांगितले. सिंहासनाच्या वादात तो पुढे विरुद्ध बाजूला गेला आणि शलमोनाने त्याला अनाथोथला घालवले, ही हकीकत मित्राला आमच्याइतकीच ठाऊक होती. ती त्यानेही काढली नाही.